कंपोझिशनमध्ये राहिलात, उलाढाल दीड कोटीच्या वर गेली आणि CMP-05 नोटीस आली: खत-बियाणे दुकानाच्या हिशेबावरून

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला जीएसटीतली कंपोझिशन योजना सोयीची वाटते, ते बरोबरच आहे. सरकारी मराठीत तिला आपसमेळ योजना म्हणतात, पण बाजारात तो शब्द कोणी वापरत नाही. तीन महिन्यांतून एकदा CMP-08 भरायचं, एक टक्का कर द्यायचा, वर्षाअखेर GSTR-4 टाकायचं आणि मोकळं व्हायचं. घोळ होतो तो या एक टक्क्यामुळेच. व्यापाऱ्याला हा कर फक्त करपात्र मालाच्या विक्रीवर द्यायचा असतो. बियाण्यावर जीएसटी नाही, म्हणून दुकानदार CMP-08 मध्ये खतं आणि औषधं तेवढीच धरतो. वर्षानुवर्षं तोच आकडा डोळ्यांसमोर राहतो आणि हळूहळू तीच आपली उलाढाल वाटायला लागते.

कायद्यातली मर्यादा मात्र एकूण उलाढालीवर आहे. कलम 2(6) प्रमाणे करपात्र आणि करमुक्त असा सगळा माल त्यात येतो, शिवाय त्याच पॅनवरचे इतर धंदेही येतात. म्हणजे कर भरताना वगळलेलं बियाणं मर्यादा मोजताना परत आत येतं. 1 एप्रिल 2019 पासून महाराष्ट्रात ही मर्यादा दीड कोटी रुपये आहे. माझ्याकडे कंपोझिशनची नोटीस घेऊन येणाऱ्यांत बुडवाबुडवी करणारे थोडे, हा एक रकाना विसरलेले जास्त.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. आकडे सोपे केले आहेत, पण धंद्याचा साचा खरा आहे. एका दुकानाची 2024-25 ची विक्री अशी: खतं 84 लाख, औषधं 35 लाख 40 हजार आणि बियाणं 48 लाख 60 हजार. खतं आणि औषधं मिळून 1 कोटी 19 लाख 40 हजार होतात, म्हणून दुकानदार निर्धास्त होता. त्याने 1 लाख 19 हजार 400 रुपये कर वेळेवर भरला. बियाणं धरलं तर बेरीज जाते 1 कोटी 68 लाखांवर. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री ती बरोबर दीड कोटी होती. तोपर्यंत तो योजनेत बसत होता, कारण कायद्याचा शब्द ‘ओलांडणे’ असा आहे. 10 डिसेंबरचं पहिलं बिल फाटलं आणि तो बाहेर पडला.

कलम 10(3) नुसार ज्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते त्या दिवसापासून योजना आपोआप संपते. कोणाच्या आदेशाची वाट पाहायची नसते. नियम 6(2) सांगतो की त्या दिवसापासून टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं आणि सात दिवसांत CMP-04 भरून कळवायचं, म्हणजे आपल्या दुकानदाराच्या बाबतीत 17 डिसेंबरपर्यंत. त्याला पत्ताच नसल्याने त्याने यातलं काहीच केलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्याने आयकर विवरणपत्र भरलं आणि तिथे उलाढाल खरी, 1 कोटी 68 लाख, दाखवली. जीएसटीच्या आकड्याशी ती जुळली नाही. 6 ऑक्टोबरला नोटीस आली.

आधी नोटीस कोणती आहे ते पाहा

पोर्टलवर लॉगिन करून Services > User Services > View Additional Notices/Orders इथे जा. मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नका. बऱ्याच दुकानदारांच्या नोंदणीत मोबाइल क्रमांक जुन्या अकाउंटंटचा असतो आणि मुदत संपल्यावर कोणीतरी सहज सांगतं, “काका, तुमची काहीतरी नोटीस पडलीय.”

CMP-05 म्हणजे ‘तुम्हाला कंपोझिशन का नाकारू नये’ अशी कारणे दाखवा नोटीस. तिच्यात पैशांची मागणी नसते. मागणी पुढे DRC-01 मधून येते. या दोन्हींच्या मधला काळ सर्वांत मोलाचा असतो आणि बहुतेक जण तोच वाया घालवतात. ‘अजून पैसे कुठे मागितलेत’ म्हणून कागद बाजूला ठेवतात आणि DRC-01 हातात पडली की धावपळ सुरू होते. तोपर्यंत हातातल्या अर्ध्या गोष्टी निसटलेल्या असतात. त्या कोणत्या ते पुढे येईलच.

उत्तराला नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस मिळतात आणि उत्तराचा नमुना CMP-06 आहे. आपल्या उदाहरणात पंधरावा दिवस 21 ऑक्टोबर, म्हणजे नेमकं लक्ष्मीपूजन. त्या आठवड्यात ना वकील सापडत ना अकाउंटंट.

ओलांडल्याची तारीख वहीतून काढा

हे काम अकाउंटंटवर सोपवू नका, त्याच्या शेजारी बसून करा. 1 एप्रिलपासून रोजची एकूण विक्री, बियाण्यासकट, ओळीने मांडायची आणि बेरीज पुढे ओढत न्यायची. खतांसाठी तुमच्याकडे इतर व्यापाऱ्यांकडे नसलेला पुरावा आहे. अनुदानित खत पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवूनच विकलं जातं, त्यामुळे तारखेनिशी किती गोण्या गेल्या ते त्या यंत्रणेतून मिळतं. बियाणं आणि औषधांसाठी साठा रजिस्टर आणि बिलबुकं लागतील.

बेरजेत काय धरायचं नाही, तेही तपासा. हंगामाअखेर शेतकऱ्याने परत आणून दिलेल्या पिशव्या विक्रीतून वजा होतात, मात्र त्याचा कागद हवा. बँकेतल्या ठेवीचं व्याज कंपोझिशनची पात्रता पाहताना मोजलं जात नाही, तसं कलम 10 च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. उधारीवर शेतकऱ्याकडून उशिराचं म्हणून घेतलेलं व्याज मात्र मालाच्या किमतीचाच भाग धरतात. पत्नीच्या नावाने वेगळ्या पॅनवर खरोखरच स्वतंत्र दुकान असेल तर त्याची विक्री तुमच्यात येत नाही.

या वजाबाकीने कधीकधी बेरीज दीड कोटीच्या आतच राहते. तसं निघालं तर उत्तर सोपं आहे: तारीखवार तक्ता जोडा आणि नोटीस मागे घ्यायला सांगा. ओलांडणं ठरलेलंच असेल तरी तारीख पुढे सरकू शकते. हंगामात एका आठवड्यात दहा-बारा लाखांची उलाढाल होते, त्यामुळे आठ दिवसांचा फरकही किरकोळ नसतो.

मागचं वर्षही बियाण्यासकट मोजा

योजना नाकारताना अधिकाऱ्यापुढे नियम 6(5) प्रमाणे दोन तारखा असतात. पर्याय निवडला तेव्हापासून नाकारायची, किंवा ज्या दिवशी अट मोडली त्या दिवसापासून. नोटिशीत ‘1 एप्रिल 2024 पासून’ असं सरसकट लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. दुकानदार ते वाचून मान डोलावतो, कारण त्याला वाटतं की चूक तर आपलीच आहे.

त्या एका ओळीची किंमत बघा. दुकानातला माल छापील किमतीला विकला गेला आणि त्या किमतीत कर धरलेला असतो असं समजू. खतावर 5 टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के. पूर्ण वर्ष नेहमीच्या दराने मोजलं तर 84 लाखांच्या खतात 4 लाख कर निघतो आणि 35 लाख 40 हजारांच्या औषधांत 5 लाख 40 हजार, मिळून 9 लाख 40 हजार. 10 डिसेंबरपासून मोजलं तर? त्या दिवसापासून 31 मार्चपर्यंतची विक्री होती खतं 10 लाख 50 हजार, औषधं 5 लाख 90 हजार आणि बियाणं 1 लाख 60 हजार. कर निघतो खताचा 50 हजार आणि औषधांचा 90 हजार, म्हणजे 1 लाख 40 हजार. नोटिशीतली तारीख बदलली की 8 लाखांचा फरक पडतो.

10 डिसेंबर धरायला लावायचं तर वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही पात्र होता हे दाखवावं लागतं. त्यासाठी 2023-24 ची एकूण उलाढाल दीड कोटीच्या आत हवी आणि तीही बियाण्यासकट. बियाणं विसरण्याची सवय एका वर्षाची नसते. मागच्या वर्षी बेरीज 1 कोटी 52 लाख निघाली तर अधिकाऱ्याची 1 एप्रिल ही तारीख बरोबर ठरते, कारण मग या वर्षी तुम्ही पहिल्या दिवसापासूनच अपात्र होता. हे उत्तर लिहिण्याआधी कळलेलं बरं, सुनावणीत अधिकाऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा. आपल्या उदाहरणात 2023-24 ची बेरीज 1 कोटी 41 लाख आहे, त्यामुळे पाया पक्का आहे.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. 2024-25 मध्ये मर्यादा ओलांडली म्हणजे 1 एप्रिल 2025 पासूनचं पुढचं अख्खं वर्षही कंपोझिशनबाहेर गेलं. नोटीस फक्त जुन्या वर्षाची असली तरी एप्रिल 2025 पासूनचा फरक तुमच्या डोक्यावर आहेच.

उत्तर कसं लिहायचं

उत्तरात माफीनामा नको आणि कायद्याच्या उताऱ्यांची भरताड नको. अधिकाऱ्याला तारीख, तक्ता आणि विनंती एवढंच हवं असतं. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

“2023-24 मध्ये माझी एकूण उलाढाल 1 कोटी 41 लाख रुपये होती, त्यामुळे 1 एप्रिल 2024 रोजी मी कलम 10 खाली पात्र होतो. करमुक्त बियाण्याची विक्री धरून माझी एकूण उलाढाल 10 डिसेंबर 2024 रोजी दीड कोटीच्या वर गेली. तारीखवार तक्ता, पॉस मशीनचा अहवाल आणि साठा रजिस्टरच्या प्रती जोडल्या आहेत. सर्व विक्री माझ्या वहीत आणि आयकर विवरणपत्रात पूर्ण दाखवलेली आहे. कलम 10(3) आणि नियम 6(5) नुसार योजना 10 डिसेंबर 2024 पासून संपल्याचा आदेश द्यावा, त्याआधीच्या काळासाठी नाकारू नये. कलम 16(4) ची मुदत 30 नोव्हेंबर 2025 रोजी संपत असल्याने आदेश लवकरात लवकर व्हावा ही विनंती.”

यातलं ‘वहीत आणि आयकर विवरणपत्रात पूर्ण दाखवलेली आहे’ हे वाक्य वगळू नका. पुढे मागणीची नोटीस येईल तेव्हा ही समजुतीची चूक होती की लपवाछपवी होती, यावर दंड ठरतो. तुमचा खरा आकडा तुम्हीच सरकारदरबारी दिला होता, ही त्या वेळची सर्वांत भक्कम बाजू असते.

आपल्या दुकानदाराने पंधरा दिवस थांबायचं नाही असं ठरवलं आणि 13 ऑक्टोबरलाच उत्तर टाकलं. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अधिकाऱ्याने CMP-07 मध्ये आदेश द्यायचा असतो. कार्यालयात दोनदा जाऊन पाठपुरावा केल्यावर तो 30 ऑक्टोबरला निघाला, तारीख 10 डिसेंबरचीच धरून. आदेशात 1 एप्रिल आली असती तर कलम 107 खाली तीन महिन्यांत अपील करता आलं असतं. या आदेशात कराची रक्कम नसल्याने 10 टक्के आगाऊ भरण्याचा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून दुकानातही बदल करा. ‘बिल ऑफ सप्लाय’ची पुस्तकं बंद करून टॅक्स इन्व्हॉइस सुरू करा आणि भिंतीवरची कंपोझिशनची पाटी काढा. छापील किंमत तीच राहते, बिलात फक्त कर वेगळा दिसतो.

इनपुट क्रेडिट: रोज थोडं थोडं मरतं

खताच्या धंद्यात नफा इतका बारीक असतो की विक्रीवरचा कर आणि खरेदीवरचा कर जवळजवळ सारखे येतात. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळालं तर नेहमीच्या पद्धतीत खिशातून फारसं जात नाही. क्रेडिट गेलं तर पूर्ण कर घरातून भरावा लागतो, कारण शेतकऱ्याकडून आता काही मागता येत नाही. म्हणून या प्रकरणात खरी लढाई दंडाची नसून क्रेडिटची आहे.

क्रेडिट दोन ठिकाणांहून येतं. पहिलं, योजना संपली त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे 9 डिसेंबर 2024 ला, गोदामात असलेल्या मालावरचं. कलम 18(1)(c) ते देतं. त्यासाठी CMP-07 च्या तारखेपासून तीस दिवसांत साठ्याच्या क्रेडिटचा नमुना, ITC-01, भरायचा असतो. क्रेडिट दोन लाखांच्या वर असेल तर चार्टर्ड अकाउंटंट किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्रही लागतं. दुसरं, 10 डिसेंबरपासून पुढे केलेल्या खरेदीवरचं, जे नेहमीसारखं GSTR-3B या विवरणपत्रात घ्यायचं.

दोन्हींना वेगवेगळा काळ खातो. साठ्याच्या बाबतीत कलम 18(2) आहे: पुरवठादाराच्या बिलाच्या तारखेपासून एक वर्ष उलटलं की त्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे ITC-01 ला आदेशापासून तीस दिवस असले तरी तोपर्यंत बिलं जुनी होतच असतात. आपल्या दुकानदाराच्या गोदामात 9 डिसेंबरला होता त्या मालावर 54 हजार कर भरलेला होता. त्याने 10 नोव्हेंबर 2025 ला ITC-01 भरलं. त्यामुळे 10 नोव्हेंबर 2024 च्या आधीची बिलं गळाली आणि हाती 31 हजार आले. महिनाभर आणखी उशीर झाला असता तर 9 डिसेंबरपर्यंतच्या एकाही बिलात जीव उरला नसता.

नंतरच्या खरेदीला कलम 16(4) लागू होतं. 2024-25 ची बिलं असतील तर क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर 2025. डिसेंबर ते मार्चच्या खरेदीवर त्याचे 84 हजार होते आणि ते या तारखेच्या आत GSTR-3B भरूनच मिळणार होते. आदेश डिसेंबरपर्यंत रेंगाळला असता तर हे 84 हजारही कायद्याने संपले असते, आणि ‘पोर्टल उघडत नव्हतं’ हे कारण सिद्ध करण्यात पुढची दोन वर्षं गेली असती. उत्तरात ‘आदेश लवकर द्या’ असं तारीख घालून लिहायचं ते याचसाठी. तरीही उशीर झालाच तर तुमच्याकडे निदान लेखी मागणी असते.

2025-26 मध्ये ज्यांनी मर्यादा ओलांडली असेल त्यांच्या बिलांची ही तारीख 30 नोव्हेंबर 2026 आहे. साठ्याच्या बिलांना मात्र एक वर्षाचाच नियम आहे. त्यामुळे चूक ज्या दिवशी स्वतःला कळते त्या दिवशीच CMP-04 भरावं, नोटिशीची वाट पाहू नये. पोर्टलने मागची तारीख स्वीकारली नाही तर राज्यकर अधिकाऱ्याला पत्र देऊन पोच घ्या.

पुरवठादारांची बिलं जुळवताना GSTR-4A उघडा, कंपोझिशनच्या काळातली खरेदी तिथे दिसते. एखाद्या वितरकाने तुमच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांकच टाकलेला नसतो, ‘तुम्हाला क्रेडिट कुठे लागतं’ म्हणून. असं बिल तिथे दिसणार नाही. त्याला लगेच फोन करा, कारण त्याच्या दुरुस्तीचीही मुदत तीच आहे.

आता पैशांचा हिशेब

अधिकारी अनेकदा विक्रीच्या पूर्ण रकमेवर दर लावतो. 10 लाख 50 हजारांवर 5 टक्के म्हणजे 52,500 आणि 5 लाख 90 हजारांवर 18 टक्के म्हणजे 1 लाख 6 हजार 200. बेरीज 1 लाख 58 हजार 700. पण दुकानदाराने किमतीच्या वर काहीच घेतलेलं नाही. डीएपीची 50 किलोची गोणी त्याने 1,350 रुपयांना विकली, आणि ही छापील किंमत करासह असते. नियम 35 सांगतो की किमतीत कर धरलेला असेल तर तो आतून काढायचा: 1,350 ला 5 ने गुणून 105 ने भागायचं, कर येतो 64 रुपये 29 पैसे. पूर्ण रकमेवर लावला तर 67 रुपये 50 पैसे. एका गोणीत सव्वातीन रुपयांचा फरक, आणि आपल्या दुकानदाराच्या साडेतीन महिन्यांत एकूण 18,700 रुपयांचा. उत्तराला चार-दोन बिलं आणि पिशवीवरच्या छापील किमतीचा फोटो जोडा, म्हणजे वाद वाढत नाही.

आपला आकडा 1 लाख 40 हजार. त्यातून साठ्याचे 31 हजार आणि खरेदीचे 84 हजार, मिळून 1 लाख 15 हजार गेले. रोख भरायचे राहिले 25 हजार. क्रम असा ठेवायचा की आधी ITC-01 भरून क्रेडिट खात्यात आणायचं, मग डिसेंबर 2024 पासूनचे GSTR-1 आणि GSTR-3B महिन्यावार टाकायचे. प्रत्येक उशिराच्या विवरणपत्रामागे दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क चढतं. मागच्या वर्षीची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर ते एका विवरणपत्रामागे 2,000 रुपयांवर थांबतं.

व्याज वर्षाला 18 टक्के. ते 25 हजारांवर मोजायचं की 1 लाख 40 हजारांवर, हे तुम्ही GSTR-3B कधी भरलं यावर ठरतं. कलम 50(1) च्या परंतुकाप्रमाणे उशिराच्या विवरणपत्रात दाखवलेल्या करावर व्याज फक्त रोख भरलेल्या भागावर लागतं. ते विवरणपत्र कलम 73, 74 किंवा 74A ची कारवाई सुरू झाल्यानंतर भरलं असेल तर मात्र ही सवलत नाही. CMP-05 आणि DRC-01 यांच्यामधला काळ मोलाचा म्हटलं ते याच कारणाने. आपल्या दुकानदाराला साधारण तीन हजार व्याज पडलं. DRC-01 नंतर भरलं असतं तर पूर्ण रकमेवर अठरा हजारांच्या आसपास गेलं असतं.

10 डिसेंबरनंतरच्या विक्रीवर त्याने एक टक्क्याने 16,400 रुपये आधीच भरलेत, त्यांचं काय? GSTR-3B मध्ये ते वजा करायला रकाना नाही. त्यासाठी RFD-01 मधून जादा भरलेल्या कराचा परतावा मागायचा, भरणा केल्यापासून दोन वर्षांच्या आत. GSTR-3B ऐवजी मागणीच्या आदेशातूनच प्रकरण मिटत असेल तर ही रक्कम वळती करून घ्यायला उत्तरात स्पष्ट लिहा. कोणी आपणहून वळती करत नाही.

आता एक चुटपुट लावणारी गोष्ट. त्याने 17 डिसेंबरपर्यंत CMP-04 भरून साठ्याचं क्रेडिट वेळेत घेतलं असतं तर पूर्ण 54 हजार मिळाले असते आणि त्या साडेतीन महिन्यांचा रोख कर 2 हजार आला असता. कंपोझिशनमध्ये राहून त्याने त्याच विक्रीवर 16,400 भरले. बारीक नफ्याच्या मालाला एक टक्का स्वस्त असतोच असं नाही.

DRC-01 आलीच तर

2024-25 पासूनच्या वर्षांसाठी मागणी कलम 74A खाली येते, त्याआधीच्या वर्षांसाठी 73 किंवा 74 खाली. 74A मध्ये फसवणुकीचा आरोप नसेल तर नोटिशीपासून साठ दिवसांत कर आणि व्याज भरल्यावर दंड लागत नाही. कलम 73 मध्ये हीच मुदत तीस दिवसांची आहे. त्यानंतर दंड कराच्या 10 टक्के किंवा 10 हजार, यातलं जे जास्त ते. लपवाछपवी ठरली तर दंड करा-इतका होऊ शकतो. म्हणून नोटीस हातात येताच तिच्यात ‘जाणूनबुजून’, ‘दडवून’ असे शब्द आहेत का ते पाहा, आणि असतील तर आयकर विवरणपत्राची प्रत पुढे करून त्याच मुद्द्यावर आधी उत्तर द्या. बाकीची रक्कम मान्य असेल तेवढी DRC-03 ने भरून टाका.

आपल्या दुकानदाराने जुने चार महिने 24 नोव्हेंबरपर्यंत मिटवले आणि मग एप्रिल 2025 पासूनच्या महिन्यांना हात घातला. तिथे खरीप हंगामामुळे रकमा मोठ्या होत्या, पण क्रेडिटही तेवढंच होतं आणि मुदत 30 नोव्हेंबर 2026 पर्यंतची. 2025-26 ची उलाढाल, बियाण्यासकट, दीड कोटीच्या आत राहिली तर 31 मार्च 2026 पर्यंत CMP-02 भरून त्याला पुन्हा कंपोझिशनमध्ये जाता येणार होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “आधी या वर्षीचा बियाण्याचा रकाना भरून होऊ दे, मग बघू.”